चकचकीत स्क्रीन, पश्चिमेची खिडकी आणि हरवलेले अनुस्वार: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी घरांच्या आणि छोट्या कार्यालयांच्या प्रकाशयोजनेची कामं करते. हे प्रकरण पुण्यातल्या एका मुद्रितशोधक बाईंचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, पण नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. इथे त्यांना ताई म्हणते.

ताई पंचवीस वर्षं मराठी पुस्तकांची प्रूफं तपासतात. आधी छापील प्रूफावर खुणा करत. आता पान स्क्रीनवर उघडं असतं आणि शेजारी कागदावर लेखकाची मूळ प्रत. नजर दिवसभर या दोन्हींमध्ये ये-जा करते. काम घरीच चालतं, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय अकरा फुटांच्या खोलीत. खोलीला एकच खिडकी, पश्चिमेच्या भिंतीत, चार फूट रुंद. दक्षिणेच्या भिंतीवर साडेसात फूट उंचीवर ट्यूबलाइट. आग्नेय कोपऱ्यात दाराला आरसा असलेलं लोखंडी कपाट, कोपऱ्याला तिरकं लावलेलं. टेबल पूर्वेच्या भिंतीला होतं. सासूबाईंचं म्हणणं, "कामाला बसताना तोंड पूर्वेलाच हवं." त्यामुळे खिडकी बरोबर ताईंच्या पाठीशी.

जुना मॉनिटर मॅट होता आणि त्यावर सात-आठ वर्षं तक्रार आली नव्हती. तो बंद पडल्यावर मुलाने 24 इंची, चकचकीत काचेचा नवा संगणक आणून दिला. रात्री पहिल्यांदा लावला तेव्हा अक्षरं छापल्यासारखी स्वच्छ दिसली आणि ताई खूश झाल्या.

अडचण

महिन्याभरात प्रकाशकाकडून एक फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या सोळा पानांचा भाग, परत आला. त्यात अकरा चुका सुटल्या होत्या आणि त्यातल्या सात अनुस्वाराच्या. "पुस्तकं वाचली"चं "पुस्तक वाचली" झालं होतं, "वर्षांत"चं "वर्षात". पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं, त्यामुळे ताईंनी आधी डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर तोच होता.

मग त्यांनी स्वतःच एक फार चांगली गोष्ट केली. प्रत्येक पान किती वाजता वाचलं याची नोंद त्या ठेवतातच, ती चुकांशी ताडून पाहिली. सातपैकी सहा अनुस्वार दुपारी साडेतीन ते सहाच्या दरम्यान वाचलेल्या पानांवरचे होते.

देवनागरीत हे का होतं ते सांगायला हवं. अनुस्वार म्हणजे शिरोरेषेवरचा एक ठिपका. "वर्षांत"मध्ये तो रफाराला चिकटून बसतो. काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी झाला की अक्षराचं अंग तरीही वाचता येतं, कारण मेंदू शब्द ओळखीने पूर्ण करतो. ठिपका मात्र आधी जातो, आणि गेला हे कळतही नाही. वाचकाला स्क्रीन वाचायला त्रास होतोय असं वाटतच नाही. फक्त डोळे थकतात आणि चूक सुटते.

मला बोलावण्याआधी केलेले दोन उपाय

पहिला उपाय ब्राइटनेस पूर्ण वाढवण्याचा. दुपारी थोडं बरं वाटलं, पण संध्याकाळी खिडकी काळोखली की पान दिव्यासारखं डोळ्यांवर येई. दिवसातून चार वेळा ब्राइटनेस खालीवर करावी लागे.

दुसरा उपाय स्क्रीनवर मॅट फिल्म चिकटवण्याचा. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वळण हेच. फिल्म लावल्यावर काचेत दिसणारी खिडकी, तिचे गज, समोरच्या इमारतीची कड हे सगळं नाहीसं झालं. ताईंना वाटलं, सुटला प्रश्न. पुढच्या फर्म्यात चुका थोड्याच कमी झाल्या. शिवाय पांढऱ्या पानावर बारीक रवाळपणा दिसू लागला, आणि रात्री जी अक्षरं छापल्यासारखी दिसायची ती थोडी बोथट झाली.

मॅट पृष्ठभाग प्रकाश गिळत नाही, फक्त पसरवतो. चकचकीत काच बल्बचं प्रतिबिंब बल्बएवढंच आणि झगझगीत दाखवते. मॅट स्क्रीन तोच प्रकाश मोठ्या भागावर पसरते, म्हणून प्रत्येक जागी तो फिका पडतो. बल्ब लहान असतो, म्हणून ही युक्ती त्याच्यावर छान चालते. चार फुटी खिडकी मुळातच मोठी. ती पसरली की तिचा आकार जातो, पण पूर्ण पानावर दुधट थर चढतो आणि काळं अक्षर करडं होतं. प्रतिबिंब दिसेनासं होणं आणि प्रतिबिंबाचा त्रास जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या मॅट मॉनिटरवरही हेच होत असणार. फक्त तेव्हा त्या मुख्यतः कागदावर तपासत असत.

खोलीत काय दिसलं

मी एप्रिलच्या अखेरीस दुपारी चार वाजता गेले. सगळ्यात आधी संगणक बंद केला आणि ताईंच्या खुर्चीत, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसले. काळी स्क्रीन म्हणजे आरसाच. तिच्यात जे उजळ दिसेल ते काम करतानाही तिथेच असतं, फक्त पानाखाली दबलेलं असतं. फिल्ममुळे नीट दिसेना, म्हणून एक छोटा आरसा स्क्रीनला टेकवून वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवला. मधल्या अर्ध्या भागात सर्वत्र खिडकीच दिसत होती.

ताईंना हिशोब करून दाखवला. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर आहे. निट हे उजळतेचं माप; आकाश दिसणाऱ्या खिडकीची उजळता दुपारी सहज 5,000 निट्स असते. साधी काच समोरून येणाऱ्या प्रकाशाचा सुमारे 4 टक्के भाग परत पाठवते, म्हणजे 200 निट्स. ताईंची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला पांढऱ्या पानासाठी साधारण 300 निट्स देते. तर पांढरं झालं 300 अधिक 200, म्हणजे 500. काळ्या अक्षराचं स्वतःचं जवळपास शून्य, पण वर तेच 200. म्हणजे पांढरं काळ्याच्या फक्त अडीच पट. छापील कागदावर हा फरक दहा-पंधरा पट तरी असतो. ब्राइटनेस वाढवण्याचा उपाय अपुरा का पडला तेही यातून दिसतं: वरचा आकडा वाढला, खालचे 200 तसेच राहिले.

आता समजा स्क्रीनसमोर खिडकीऐवजी फिक्या रंगाची भिंत आहे आणि तिच्यावर 300 लक्स प्रकाश पडतोय; लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. अशा भिंतीची उजळता सत्तर निट्सच्या आत येते. तिचे 4 टक्के म्हणजे जेमतेम 3 निट्स. स्क्रीन 120 निट्सवर ठेवली तरी पांढरं काळ्याच्या चाळीस पट होतं. "म्हणजे स्क्रीन नाही, स्क्रीनसमोरची भिंत बदलायची," ताई म्हणाल्या.

विचारात घेतलेले पर्याय

नवा मॅट मॉनिटर घ्यावा का, हा पहिला प्रश्न. संगणक परत करायची मुदत संपली होती, म्हणजे खर्च नव्याने करावा लागला असता. पण मी नको म्हटलं ते खर्चामुळे नव्हे. टेबल तिथेच राहिलं असतं तर मॅट मॉनिटरवरही खिडकी पसरलीच असती. जागा बदलता येत नसेल, डोक्यावर दिव्यांच्या रांगा असतील, कार्यालयात दुसऱ्याच्या खिडकीसमोर बसावं लागत असेल, तर मी मॅटच सुचवते. ताईंच्या खोलीत सगळं हलवणं आपल्या हातात होतं.

दुसरा पर्याय, टेबल तिथेच ठेवून जाड पडदा. हा सगळ्यात सोपा आणि प्रतिबिंबावर पूर्ण लागू पडणारा. ताईंनी स्पष्ट नकार दिला. "दिवसभर बंद खोलीत दिवे लावून मी बसणार नाही," हे त्यांचं म्हणणं मला पटलं. पश्चिमेचा वारा हीच त्या खोलीची सोय होती.

तिसरा, टेबल पश्चिमेला, म्हणजे खिडकीकडे तोंड. तेव्हा काचेत प्रतिबिंब पडलं नसतं, पण स्क्रीनच्या मागे 5,000 निट्सचं आकाश आलं असतं. डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पान काळवंडल्यासारखं दिसतं.

राहिला चौथा: टेबल उत्तरेच्या भिंतीला, खिडकी डाव्या हाताला. स्क्रीन खिडकीशी काटकोनात आली की तिच्यात समोरची दक्षिणेची भिंत दिसते. ताई उजव्या हाताने लिहितात, त्यामुळे डावीकडून येणाऱ्या उजेडात कागदावर हाताची सावलीही पडत नाही. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांना मी हिशोब सांगितला नाही, फक्त उत्तरेला तोंड चालेल का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "उत्तर चांगलीच. दक्षिण नको म्हणजे झालं." ज्या निर्णयाला आम्ही घाबरत होतो तो एका मिनिटात झाला.

प्रत्यक्ष केलेले बदल

टेबल हलवलं, फिल्म सोलून काढली, काच ओल्या मऊ कापडाने पुसली. खिडकी गेली. आणि दोन नवी प्रतिबिंबं आली, जी आधीच्या जागेवरून दिसतच नव्हती.

पहिली ट्यूबलाइट. संध्याकाळी दिवा लावला तसा स्क्रीनच्या वरच्या भागात पांढरा पट्टा उमटला. दक्षिणेच्या भिंतीवरची ट्यूब आता स्क्रीनच्या समोर आली होती. पेटलेली ट्यूब खिडकीतल्या आकाशापेक्षाही उजळ असते, तेव्हा तो पट्टा पानाच्या पांढऱ्याहून पांढरा होता. ट्यूब काढायची गरज पडली नाही. ताईंनी सवयीने स्क्रीन मागे बरीच झुकवली होती, सुमारे 15 अंश. आरसा एक अंश झुकवला की त्यातलं दृश्य दोन अंश सरकतं, त्यामुळे ही झुकलेली स्क्रीन थेट भिंतीच्या माथ्याकडे पाहत होती. ती जवळजवळ उभी केली, पाचेक अंशांवर आणली, आणि पट्टा स्क्रीनच्या वर निघून गेला. मान वाकवावी लागू नये म्हणून खुर्ची थोडी खाली घेतली. दिव्याचं प्रतिबिंब असेल तर कोणतीही खरेदी करण्याआधी मी हेच करून पाहायला सांगते.

दुसरं प्रतिबिंब शोधायला वेळ लागला. दुपारी स्क्रीनच्या उजव्या कडेला एक उभी उजळ पट्टी दिसायची. उजवीकडे तर खिडकीच नाही! ताईंनी डोकं हलवलं की पट्टी सरकायची, मी खोलीत फिरले की मध्येच झाकली जायची. मी जिथे उभी राहिल्यावर ती झाकली गेली, तिथे थांबून मागे वळून पाहिलं, तर मागे कपाट. कोपऱ्यात तिरक्या लावलेल्या कपाटाचा आरसा पश्चिमेची खिडकी पकडून उत्तरेकडे, थेट स्क्रीनवर पाठवत होता. साड्यांनी भरलेलं कपाट लगेच सरळ करणं शक्य नव्हतं. ताईंनी जुन्या सुती साडीचा तुकडा आणला आणि लोहचुंबकाचे चार खडे लावून दारावर ताणला. लोखंडी कपाट असल्याने खिळा, टेप काहीच लागलं नाही. पट्टी त्याच क्षणी गेली. पुढे दिवाळीच्या साफसफाईत कपाट रिकामं झालं तेव्हा ते दक्षिणेच्या भिंतीला सरळ लावलं.

टेबलावरचा दिवा हा तिसरा भाग. कागदासाठी तो हवाच. पण जुन्या दिव्याचा बल्ब नजरेच्या उंचीवर उघडा होता आणि त्याचा निम्मा उजेड स्क्रीनवर सांडायचा. त्या जागी खोल, अपारदर्शक टोपीचा 7 वॅटचा एलईडी दिवा घेतला. तो डावीकडे, स्क्रीनच्या वरच्या कडेपेक्षा खाली ठेवला आणि तोंड फक्त कागदाकडे वळवलं. कागदावर 450 लक्सच्या आसपास उजेड मोजला. मग स्क्रीनवर कोरं पान उघडून शेजारी कोरा कागद धरला आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणली. ती एक तृतीयांशाच्या थोडी वर स्थिरावली. नजर कागद-स्क्रीन अशी दिवसातून हजारदा फिरते. प्रत्येक वेळी डोळ्याला उजेड-अंधार जुळवावा लागला नाही की थकवा किती कमी होतो, हे ताईंनी दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं.

खिडकीला पातळ सुती पडदा लावला. वारा येतो, आकाशाचा झगझगाट मवाळ होतो. उजवीकडे कलून बसलं की खिडकीची कड स्क्रीनच्या डाव्या बाजूला पुन्हा डोकावते. त्यावर स्क्रीन थोडी पूर्वेकडे फिरवली, इतकंच.

परिणाम

मे ते नोव्हेंबर ताईंनी तीच नोंदवही चालू ठेवली. सुटणाऱ्या चुका पूर्वीसारख्या फर्म्यामागे एक-दोनवर आल्या आणि दुपारच्या पानांवर जास्त चुका असा भेद उरला नाही. चकचकीत काच ठेवली याचं समाधान वाटलं. नऊ-दहा पॉइंटच्या मजकुरात रफार आणि अनुस्वार वेगळे दिसणं या कामात मोलाचं आहे, आणि ती स्वच्छता फिल्मखाली मिळत नव्हती. एक छोटी गोष्ट ताईंनी स्वतः शोधली: पांढरा कुडता घालून बसलं की तो काचेत दिसतो. कामाच्या दिवशी त्या गडद रंग घालतात.

डिसेंबरात मात्र फोन आला. "चारनंतर स्क्रीनवर चक्क ऊन पडतंय."

ही चूक माझी. मी पाहणी एप्रिलच्या अखेरीला केली होती. त्या सुमारास पुण्यात सूर्य नेमक्या पश्चिमेपेक्षा थोडा उत्तरेकडे मावळतो, म्हणून खिडकीतून येणारं ऊन तिरकं दक्षिणेकडे, कपाटाच्या बाजूला जातं. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि त्याआधी तासभर आणखी दक्षिणेला असतो. मग तेच ऊन ईशान्येकडे शिरतं आणि उत्तरेच्या भिंतीजवळच्या टेबलावर येतं. जून ते डिसेंबर मावळतीची जागा जवळजवळ 50 अंश सरकते. एका भेटीत ते दिसणार नव्हतं, पण खोलीच्या नकाशावर दोन रेघा ओढून आधीच कळलं असतं.

थेट ऊन स्क्रीनवर पडलं की मॅट-चकचकीत हा वाद संपतो. चकचकीत काचेवर प्रत्येक बोटाचा ठसा आणि धूळ चमकू लागते, मॅट असेल तर आख्खं पान पांढुरकं होतं. पातळ पडद्यानेही भागत नाही, कारण ऊन पडलेला पडदा स्वतःच दिव्यासारखा उजळतो. इलाज एकच, ऊन आत येण्याआधी अडवणं. खिडकीबाहेर बांबूची चिक लावली. ती खालून दोन फूट उघडी ठेवली तरी वारा येतो.

आज वेगळं काय करेन

पहिल्या भेटीतच होकायंत्राने खिडकीची दिशा घेऊन जून आणि डिसेंबरच्या मावळत्या सूर्याच्या रेघा नकाशावर काढेन. चिक तेव्हाच लागली असती आणि पातळ पडद्याचा खर्च वाचला असता.

टेबल हलवण्याआधी नव्या जागेवर नुसती खुर्ची ठेवून, स्क्रीन असेल तिथे आरसा धरून, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लावल्यावर पाहीन. कपाटाचा आरसा तेव्हाच सापडला असता.

आणि फिल्मबद्दल. ताईंनी ती लावली तेव्हा मी नव्हते, पण त्याआधी दोन ठिकाणी मी स्वतः फिल्म सुचवली होती, प्रतिबिंब कशाचं आहे हे न पाहता. त्यातल्या एका ठिकाणी डोक्यावर छोटे छताचे दिवे होते आणि तिथे ती योग्यच होती. दुसऱ्या ठिकाणी समोर बाल्कनीचं पूर्ण काचेचं दार होतं. तिथे मी पुन्हा जाऊन टेबल फिरवून आले.

ताईंच्या टेबलावर आता एक सवय पक्की झाली आहे. डिसेंबर-जानेवारीत साडेतीनला चहा ठेवायला उठताना त्या चिक खाली सोडतात, आणि सव्वासहाला दिवा लावताना वर घेतात.